हँडब्रेकची ती एक वायर

*"आमची गाडी सहा महिन्यांची आहे. दर महिन्याला पुण्याहून कोल्हापूरला जातो. नवरा चालवतो, मी शेजारी, मागे सासरे आणि दोन मुलं, नऊ आणि चार वर्षांची. साताऱ्यापर्यंत ठीक, पुढे मुलं नुसती भांडतात. म्हणून मागे स्क्रीन बसवायला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, मागचं करतोच, पण पुढच्या स्क्रीनवरही चालत्या गाडीत व्हिडिओ दिसेल असं करून देतो, एक वायर अर्थ केली की झालं, सगळेच करतात. दिरांनी त्यांच्या गाडीत केलंय. नवऱ्याचं म्हणणं, स्क्रीन मी बघेन, तो फक्त मॅच ऐकेल, बघितलीच तर सिग्नलला किंवा टोलनाक्यावर. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, एकदाही ठोकलेली नाही. मला पटत नाही, पण मुद्देसूद सांगताही येत नाही. मी उगाच घाबरते आहे का? आणि मागच्या स्क्रीनचं नेमकं काय करू?" — एक वाचक, पुणे*

ताई, आधी एक कबुली देतो. ती वायर मी स्वतः अर्थ केलेली आहे, एकदा नाही, पुष्कळदा. गाड्यांचं वायरिंग करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि एक काळ असा होता की गिऱ्हाईकाने सांगायच्या आत आम्ही ते करून ठेवायचो. पाच मिनिटांचं काम, वर गिऱ्हाईक खूश. त्यामुळे तुमच्या दुकानदाराला मी नावं ठेवणार नाही. त्या वायरीने नेमकं काय होतं तेवढं सांगतो, कारण ते तो तुम्हाला सांगणार नाही.

बाहेरून बसवलेल्या स्टिरिओच्या मागे वायरींचा जुडगा असतो. त्यातली एक बारीक वायर हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढला की तो स्विच गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडला जातो. मीटरवर लाल दिवा लागतो तो त्यामुळेच. स्टिरिओलाही त्याच वायरीवरून कळतं की गाडी उभी आहे, आता चित्र दाखवायला हरकत नाही. हँडब्रेक सोडला की चित्र काळं होतं आणि बहुतेक वेळा आवाज चालू राहतो. दुकानदार काय करतो, तर त्या वायरीचं टोक स्विचला न जोडता थेट बॉडीच्या स्क्रूखाली दाबतो. त्या क्षणापासून स्टिरिओच्या लेखी तुमची गाडी कायमची उभी. ती खंबाटकी घाट उतरत असली तरी उभीच.

आता यातला न दिसणारा भाग. व्हिडिओ बंद ठेवणं हे त्या कुलपाचं एकच काम नसतं. चालत्या गाडीत अक्षरं टाइप करायचा कीबोर्ड, लांबलचक मेन्यू, कुठल्या कुठे नेणारी सेटिंगची पानं, असं बरंच काही पुष्कळ स्टिरिओ त्याच इशाऱ्यावर रोखून धरतात. वायर अर्थ केली की हे सगळं एकदम मोकळं होतं. तुम्ही मागितली मॅच, आणि सोबत आलं चालत्या गाडीत पत्ता टाइप करणं.

कंपनीतूनच आलेली स्क्रीन असेल तर तिला अशी सुटी वायर बहुधा नसते. ती गाडीच्या आतल्या नेटवर्कवरून वेग वाचते. अशा गाड्यांसाठी बाजारात छोटे अँड्रॉइड बॉक्स मिळतात. ते यूएसबीत लावले की गाडीला वाटतं फोन जोडलाय. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालत्या गाडीत व्हिडिओ दाखवत नाही, पण हा बॉक्स स्वतःला फोन म्हणवून घेतो आणि नकाशाच्या जागी सिनेमा पाठवतो. गाडीच्या स्क्रीनला आलेलं चित्र नकाशाचं की सिनेमाचं हे ओळखता येत नाही, मिळेल ते ती दाखवते. दुकानदाराने "वायरिंगला हातसुद्धा लावत नाही मॅडम" असं सांगून हा बॉक्स पुढे केला, तर वायर नसली तरी गोष्ट तीच आहे हे ओळखा.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येतो, कारण खरं कोडं तिथे आहे. "मी फक्त ऐकेन" हे ते मनापासूनच म्हणत असणार. मलाही ते बरीच वर्षं पटत होतं. मग एकदा मॅचच्या दिवशी मी एका मित्राच्या गाडीत मागे बसलो होतो. स्क्रीन पुढे, चालवणारा अगदी शहाणा माणूस, नजर रस्त्यावर. आणि समालोचक नुसता ओरडला, "अरे, हे बघा!" बस, तेवढंच. काय बघा ते सांगितलंच नाही, कारण टीव्हीवर सांगायची गरज नसते. मित्राची मान वळलीच. आकाशवाणीचं समालोचन आठवा. चेंडूचा टप्पा कुठे पडला, कोणाच्या डावीकडून गेला, सीमारेषेपाशी कोण धावतंय, सगळं शब्दांत. ते कानांसाठी बनवलेलं असतं आणि कानांतच पुरं होतं. टीव्हीचं समालोचन अर्धं असतं, उरलेलं अर्धं चित्रात. ज्याने फक्त ते ऐकायचं ठरवलंय त्याला ते दर दोन मिनिटांनी बघायला बोलावतं, आणि नेमकं कधी बोलावणार हे चालवणारा ठरवत नाही. मालिकेचंही तसंच, पार्श्वसंगीत चढलं की काय झालं ते बघावंसं वाटतंच.

इथे पंचवीस वर्षांचा अनुभव उपयोगी पडत नाही. अनुभवी माणूस स्टिअरिंग उत्तम धरतो, पण हललेल्या उजेडाकडे नजर जाणं हे डोळ्याचं जन्मजात काम आहे आणि ते नवशिक्याचं आणि त्यांचं सारखंच.

नजर गेली तर किती वेळ जाते, याचा हिशोब त्यांना कागदावर दाखवा. ताशी ९० किलोमीटरने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. दोन सेकंद म्हणजे ५० मीटर, साधारण चार एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर, आणि या सगळ्या अंतरात पुढे कोणी बघत नाहीये. दोन सेकंद मी मनाने घेतलेले नाहीत. अमेरिकेत शंभर गाड्यांमध्ये कॅमेरे लावून केलेला एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ रस्त्यावरून हटली, तर अपघाताची किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताची शक्यता जवळजवळ दुप्पट होते. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये गाडीतल्या स्क्रीनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही एका नजरेची मर्यादा दोन सेकंदच धरली आहे. चालवण्याशी संबंध नसलेला व्हिडिओ तर त्यांनी सेकंद मोजण्याच्या भानगडीत न पडता थेट कुलूपबंद करायला सांगितला. मला हे योग्य वाटतं. एसीचं बटण दाबलं की काम संपतं आणि नजर आपोआप परत येते. व्हिडिओत "झालं, आता परत ये" असं म्हणणारी जागाच नसते.

"मी शेजारी बसून बघेन" हाही मुद्दा नवा नाही. टेस्लाच्या गाड्यांमध्ये पुढच्या स्क्रीनवर चालत्या गाडीत गेम खेळता येत होते, शेजारी बसलेल्यासाठी म्हणून. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत जवळपास ५,८०,००० गाड्यांची त्यासाठी चौकशी सुरू झाली आणि कंपनीने ती सोय चालत्या गाडीत बंद केली. कारण साधं आहे. मधली स्क्रीन दोघांच्या मध्ये असते आणि "ही फक्त डावीकडच्यासाठी" असं तिला सांगता येत नाही. काही महागड्या गाड्यांत शेजारच्यासाठी वेगळी स्क्रीन असते, आणि तिच्यावर उजवीकडून बघणाऱ्याला काळं दिसेल अशी सोय केलेली असते किंवा चालवणारा तिकडे बघतोय का हे कॅमेरा तपासतो. एवढी खटपट करून जे साधायचं, ते दुकानदार एका स्क्रूने उलटं करून देतो आहे.

राहिला सिग्नल आणि टोलनाका. उभ्या गाडीत बघायचं तर हँडब्रेक ओढा, स्क्रीन आपोआप सुरू होईल. त्यासाठी वायर अर्थ करावी लागत नाही. वायर अर्थ करण्याची मागणी होते ती हँडब्रेक न ओढता बघायचं असतं म्हणून, आणि ही वेळ म्हणजे नेमकी सरकणारी रांग. रांगेत पुढचा एक मीटर सरकून थांबतो, आपण स्क्रीनवर नजर ठेवून दोन मीटर सरकतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेले पुढचे बंपर असेच चेपलेले असायचे, वेग दहासुद्धा नसताना. बंपरचं काही नाही, पण रांगेत दोन गाड्यांच्या मधून बाटल्या विकणारी पोरं फिरत असतात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक चालवण्यात धरलं आहे. दंड पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये, आणि कैदही होऊ शकते. मार्च २०२५ मध्ये मुंबई–पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरीचा चालक चालत्या बसमध्ये मोबाइलवर क्रिकेट बघत होता. एका प्रवाशाने ते टिपलं आणि चालकाची नोकरी गेली. पगारी चालकाकडून आपण जी अपेक्षा धरतो ती घरच्या चालकाकडूनही धरायला काय हरकत आहे? शिवाय तुमची गाडी अजून वॉरंटीत आहे. डॅशबोर्डमागे कोणी वायर कापली तर पुढे विजेच्या कुठल्याही बिघाडाला कंपनी त्याच वायरीकडे बोट दाखवू शकते. शोरूमला आधी लेखी विचारा.

आता मागच्या सीटचं. यात मात्र मी तुमच्या बाजूने आहे. चार वर्षांचं पोर पाच तास गप्प बसेल ही अपेक्षाच चुकीची, आणि मागे मारामारी चालू असेल तर चालवणाऱ्याचं लक्ष त्यानेही उडतं. मुलांना मागे काहीतरी बघायला देणं हा लाड नाही.

माझा सल्ला: कायमची बसवलेली स्क्रीन घेऊ नका. छतातून खाली उघडणारी स्क्रीन तर अजिबात नको, ती आतल्या आरशातून मागची काच बघण्याच्या आड येते, आणि तिची वायर ज्या खांबाच्या आवरणातून खाली आणतात तिथेच पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग दडलेली असते. घरातला जुना दहा इंची टॅब घ्या. समोरच्या डाव्या सीटच्या, म्हणजे तुमच्या सीटच्या, हेडरेस्टच्या दोन दांड्यांना स्क्रूने आवळणारा होल्डर लावा आणि त्याचा हात थोडा मध्याकडे वळवा. चालवणाऱ्याच्या सीटमागे नको, पोरं टॅबला बोट लावतात म्हणजे प्रत्यक्षात सीट ढकलतात, आणि ते त्यांच्या पाठीला सतत जाणवतं. होल्डर लावण्यासाठी हेडरेस्ट काढून ठेवायची वेळ येत असेल तर तो होल्डर परत करा, मागून धडक बसली तर मान वाचवणारी वस्तू तीच आहे. लावल्यावर टॅब धरून जोरात हिसका द्या, अगदी निघेल असा. अर्ध्या किलोचा टॅब जोराच्या धडकेत काही क्षण दहा-पंधरा किलोच्या दगडासारखा वागतो. चुंबकावर किंवा रबरी पट्ट्यावर टेकवलेला टॅब म्हणूनच नको. मुलांच्या मांडीवरही नको, कारण तोच दगड मग हातात असतो. गाडी उन्हात लावताना तो काढून सोबत न्या. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत टॅबची बॅटरी फुगलेली मी पाहिली आहे.

काय दाखवायचं ते आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. रस्त्यात घाटात नेट जातं, चित्र गोल फिरत राहतं आणि मागून आरोळी येते, "बाबा, बघा ना हे!" ती आरोळी हीच मुळात टाळायची गोष्ट आहे. डेटाचाही विचार करा: साधं चित्र तासाला एक जीबीपर्यंत जातं, एचडी तीनपर्यंत. दहा इंची पडद्यावर मुलांना फरक कळत नाही.

कास्टिंग, म्हणजे फोनवरून दुसऱ्या पडद्यावर व्हिडिओ लावणं, याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या बसण्याच्या जागेमुळे ते उपयोगाचं आहे. तुम्ही पुढे, पोरं मागे. दर दहा मिनिटांनी "आई, दुसरं लाव" झालं की तुम्ही पट्टा सैल करून मागे वळणार. त्याऐवजी मागचा पडदा कास्ट स्वीकारणारा असेल तर तुमच्या मांडीवरच्या फोनवरून पुढचा भाग लावता येतो. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर हवीत. हॉटस्पॉट यजमानांच्या फोनवरून देऊ नका, त्यावर नकाशा आणि फोन येणार. सासऱ्यांचा फोन वापरा. काही फोन ज्यावरून हॉटस्पॉट दिला त्याच फोनवरून कास्ट करायला नकार देतात, तोही प्रश्न याने सुटतो.

मात्र कास्ट आणि मिररिंग यांत गोंधळ करू नका, दुकानदार दोन्हीला एकच म्हणतात. कास्टमध्ये फोन फक्त "हे लाव" असं सांगतो आणि मागचा पडदा ते थेट नेटवरून आणतो. तुमचा फोन मोकळा राहतो. मिररिंगमध्ये तुमच्या फोनवर जे दिसतं ते सगळं मागे दिसतं: बँकेचा ओटीपी, मैत्रिणीचा मेसेज, सगळं. शिवाय पुष्कळ ओटीटी ॲप मिररिंगमध्ये चित्रच काळं करतात, नुसता आवाज येतो. लोकांना वाटतं स्क्रीन बिघडली, ती बिघडलेली नसते. आणि एक महत्त्वाचं: पुढच्या स्टिरिओतून केबल काढून मागच्या पडद्याला चित्र देण्याची जोडणी टाळा. तशी जोडली तर बऱ्याच वेळा तेच चित्र पुढेही येतं, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत पोचतो. मागचा पडदा सर्वार्थाने वेगळा असू द्या.

आवाज हेडफोनवर, मुलांसाठीचे ८५ डेसिबलला अडणारे. सासऱ्यांना त्यांचं कीर्तन त्यांच्या फोनवर, इअरफोन लावून. चालवणाऱ्याला मागचा हॉर्न आणि रुग्णवाहिका ऐकू आली पाहिजे.

घाटात पडदा बंद. हा नियम मुलांच्या पोटासाठी आहे: डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे, कानातला तोल म्हणतो आपण वळतोय, आणि त्या भांडणात उलटी होते. खंबाटकीला टॅब बंद करून खिडकीबाहेर बघायला लावा.

रात्रीचा प्रवास असेल तर एक चाचणी घरीच करा. अंधारात गाडी उभी करा, मागे टॅब पूर्ण उजेडावर लावा आणि यजमानांना चालवण्याच्या जागी बसवा. टॅबचं तोंड मागे असलं तरी त्याचा उजेड मागच्या तिरक्या काचेवर पडून आतल्या आरशात हलतं भूत दिसतं, मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांवरच. उजेड कमी करत जा, भूत दिसेनासं झालं की थांबा. तेवढाच उजेड रात्री ठेवायचा.

मॅचच्या दिवसाचं काय? ऐकण्यासाठीच बनवलेलं समालोचन लावा, तुमच्या फोनवरून गाडीच्या स्पीकरवर. आकाशवाणीचं मिळालं तर उत्तमच. शेवटची षटकं असतील तर ढाब्यावर गाडी लावून, हँडब्रेक ओढून, सगळ्यांनी मिळून बघा. एवढ्यासाठी वीस मिनिटं गेली तर कोल्हापूर कुठे पळून जात नाही.

आणि दिरांच्या गाडीचं. त्यांना न दुखवता तपासता येईल. सोसायटीच्या सपाट आवारात इंजिन चालू, पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला, स्क्रीनवर व्हिडिओ चालू. आता हँडब्रेक सोडा. चित्र गेलं तर ठीक. राहिलं, तर गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने दहा मीटर पुढे न्या, कारण काही गाड्या हँडब्रेकवर नव्हे तर वेगावर कुलूप लावतात. स्क्रीनकडे शेजारी बसलेल्याने बघायचं, चालवणाऱ्याने नाही. तरीही चित्र चालूच असेल तर कुलूप काढलेलं आहे. आधी स्टिरिओच्या सेटिंगमध्ये ब्रेक किंवा ड्रायव्हिंग अशा नावाचं बटण आहे का बघा, अँड्रॉइड स्टिरिओत ते बरेचदा तिथेच चालू करून ठेवलेलं असतं. यूएसबीत बॉक्स लावलेला असेल तर तो काढा. दोन्ही नसेल तर कोणत्याही वायरिंगवाल्याला एवढंच सांगायचं: "बॉडीला दाबलेली हँडब्रेकची वायर काढून परत स्विचला जोड." अर्ध्या तासाच्या आत होतं. झाल्यावर हीच चाचणी तिथेच, त्याच्यासमोर परत करा आणि मगच पैसे द्या.